कॅलरी आणि कॅल्शियम: कोणत्या वयात किती लागतं? मराठवाड्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज किती कॅलरी आणि किती कॅल्शियम लागतं, ते एका जागी मिळेल का?

मिळेल. खालचे आकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली सुधारून दिलेल्या शिफारशींतले आहेत. आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ते पाकिटावर kcal असं छापलेलं असतं, दोन्ही एकच. कॅल्शियम मिलिग्रॅममध्ये, म्हणजे मिग्रॅ.

| वय | कॅलरी | कॅल्शियम (मिग्रॅ) |
|---|---|---|
| ६ ते १२ महिने | ६७० | ३०० |
| १ ते ३ वर्षं | १०१० | ५०० |
| ४ ते ६ | १३६० | ५५० |
| ७ ते ९ | १७०० | ६५० |
| १० ते १२ | मुलगा २२२०, मुलगी २०६० | ८५० |
| १३ ते १५ | मुलगा २८६०, मुलगी २४०० | १००० |
| १६ ते १८ | मुलगा ३३२०, मुलगी २५०० | १०५० |
| मोठा पुरुष | बैठं काम २११०, मध्यम २७१०, कष्टाचं ३४७० | १००० |
| मोठी बाई | बैठं काम १६६०, मध्यम २१३०, कष्टाचं २७२० | १००० |
| गरोदर | वर ३५० | १००० |
| बाळंतीण, पहिले ६ महिने | वर ६०० | १२०० |
| पाळी गेलेली बाई | कामाप्रमाणे | १२०० |
| साठीपुढे | पुरुष सुमारे १७००, बाई सुमारे १५०० | १२०० |

कॅलरीचा रकाना वरून खाली वाचत या. आकडे सतरा-अठराव्या वर्षापर्यंत चढतात आणि म्हातारपणी पुरुषाचे जवळपास निम्म्यावर, बाईचे साठ टक्क्यांवर येतात. कॅल्शियमचा रकाना मात्र अठरानंतर जेमतेम पन्नासनं उतरतो, आणि साठीला तर सगळ्यात वर असतो. म्हणजे म्हातारपणी ताटात अन्न कमी आणि त्याच अन्नातून कॅल्शियम जास्त, अशी मागणी असते. आपल्याकडच्या घरांत गणित बिघडतं ते इथंच. म्हणून या पानावरचे बहुतेक प्रश्न याच गाठीभोवतीचे आहेत.

दोन्ही रकाने सारखेच वाचायचे का? थोडं कमी पडलं तर काय?

नाही, दोन्ही आकडे काढायची रीत वेगळी आहे. कॅलरीचा आकडा त्या वयाच्या, त्या वजनाच्या आणि तेवढं काम करणाऱ्या माणसांची सरासरी गरज सांगतो. त्यात वरची भर धरलेली नसते, कारण जास्तीच्या कॅलरी अंगावर चरबी होऊन बसतात. कॅल्शियमच्या आकड्यात मात्र भर धरलेली असते. जवळजवळ प्रत्येकाला पुरावं म्हणून तो सरासरी गरजेच्या वर ठेवलेला आहे. मोठ्या माणसाची सरासरी गरज ८०० मिग्रॅ धरली आहे आणि शिफारस १००० ची आहे.

म्हणून कुणाला रोज ९०० मिग्रॅ मिळत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण मराठवाड्यातल्या साध्या भाकरी-वरणाच्या ताटाचा हिशोब केला की बऱ्याचदा २०० ते ३०० च निघतात. काळजी त्याची करायची.

वय वाढलं की भूक कमी होते, मग कॅल्शियमची गरज का कमी होत नाही?

कॅलरी कुठं खर्च होतात ते बघा. लहान मूल वाढत असतं आणि दिवसभर पळत असतं. बारा किलोच्या पोराला दिवसाला १०१० कॅलरी म्हणजे किलोमागे ८० च्या वर. पासष्ट किलोच्या बैठ्या माणसाला किलोमागे बत्तीसच. पुढं वय होतं तसे स्नायू झडतात, हालचाल कमी होते आणि शरीराचा बसल्या जागचा खर्चही उतरतो. मग भूक आपसूक कमी होते.

कॅल्शियमचा हिशोब हाडांचा असतो. मुलींमध्ये साडेबाराच्या आणि मुलांमध्ये चौदाच्या आसपासची दोन वर्षं अशी असतात की आयुष्यभराच्या हाडांतल्या खनिजांपैकी साधारण पाव भाग तेवढ्यातच भरला जातो. तिशीपर्यंत भरणा चालतो, मग काही वर्षं आवक-जावक सारखी राहते आणि त्यानंतर जावक वाढते. त्यात आतड्याची कॅल्शियम शोषायची ताकदही वयाप्रमाणे कमी होते. अंगावर पिणारं बाळ दुधातलं निम्म्याहून जास्त कॅल्शियम घेतं, मोठा माणूस साधारण चौथा हिस्सा आणि म्हातारा माणूस त्याहून कमी. हाडाला तेवढंच पोचवायचं तर तोंडातून जास्त द्यावं लागतं.

ज्वारीची भाकरी ताकदीची म्हणतात. तिच्यात कॅल्शियम असतंच की?

ताकदीची आहे, कॅलरीच्या बाबतीत. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ३३० च्या आसपास कॅलरी असतात. कॅल्शियम मात्र २७-२८ मिग्रॅच. बाजरीचंही तेच. गव्हात जरा जास्त, तांदळात आठाच्या घरात. तूरडाळीत शंभर ग्रॅमला ७० मिग्रॅ आहे, पण वरणात एका माणसाच्या वाट्याला डाळ येते तीस ग्रॅम.

नुसत्या ज्वारीतून हजार मिग्रॅ कॅल्शियम मिळवायचं तर रोज साडेतीन किलो पीठ खावं लागेल. भाकरीचं काम वेगळं आहे आणि ती ते चोख करते. कॅल्शियम तिच्यासोबतच्या कोरड्यासातून, दुधातून आणि ताकातून यायला हवं. पूर्वी दुभतं जनावर घरोघर होतं आणि ताक मोजून प्यायचं नसे, तेव्हा हे आपोआप जुळायचं. आता दूध सकाळी डेअरीच्या कॅनमध्ये जातं आणि घरात राहतं ते चहापुरतं.

दीड वर्षाचं पोर भाकरीला तोंड लावत नाही, दिवसभर दूधच मागतं. कॅल्शियम तरी मिळतंय ना?

कॅल्शियम मिळतंय, पण लोह मिळत नाही. या वयाला ५०० मिग्रॅ पुरतं आणि ते अंगावरचं दूध धरून वरच्या एक-दीड पेला दुधात भागतं. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की पोट भरून जातं, जेवण मागं पडतं आणि वर्षभरात मूल पांढरंफटक दिसायला लागतं. दूध जेवणाच्या आधी देऊ नका. मऊ भाकरी वरणात कुस्करून वर तूप घाला आणि दूध त्याच्यानंतर द्या. बाटलीऐवजी पेल्यातून दिलं की प्रमाण आपसूक कमी होतं.

मुलगी अकरा वर्षांची आहे. शाळेत खिचडी मिळते, घरी दोन वेळा जेवते. पुरतं का?

कॅलरी कदाचित पुरत असतील. सहावी ते आठवीच्या शालेय पोषण आहारात एका मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ धरलेली असते आणि ताट ७०० कॅलरीचं ठरवलेलं आहे. तिच्या दिवसाच्या २०६० पैकी तिसरा हिस्सा तिथंच झाला. पण त्या तांदूळ-डाळीत कॅल्शियम किती? तांदळाचं अकरा आणि डाळीचं एकवीस मिग्रॅ. भाजी वेगळी धरली तरी ८५० च्या मानानं काहीच नाही.

आणि हीच ती वर्षं आहेत. पाळी सुरू व्हायच्या आधीपासून ते नंतरच्या एक-दोन वर्षांपर्यंत मुलीचं हाड ज्या वेगानं भरतं, तो वेग पुन्हा येत नाही. घरात दूध थोडंच असेल तर ते कुणाला द्यायचं हा प्रश्न येतो. आमच्या भागात त्याचं उत्तर बहुधा ‘पोराला’ असंच असतं, कारण तो अभ्यास करतो, तो तालमीत जातो. कॅल्शियमच्या तक्त्यात दहा ते अठरा वयात मुलगा-मुलगी असा फरकच नाही, दोघांचा आकडा एकच आहे. फरक आहे तो कॅलरीत. म्हणजे पोराला एक भाकरी जास्त वाढा, पण दूध दोघांना सारखं द्या.

अठराच्या आत लग्न लावून दिलेल्या मुलीचं तर दुहेरी नुकसान होतं. तिचं स्वतःचं हाड अजून भरत असतं आणि त्यात पोटातल्या बाळाच्या हाडाची भर पडते.

सतरा वर्षांचा मुलगा एका बैठकीत चार भाकरी खातो. काही आजार तर नाही?

नाही. ३३२० कॅलरी हा पूर्ण तक्त्यातला जवळपास सगळ्यात मोठा आकडा आहे. त्याच्या वर फक्त ऊसतोडीसारखं कष्टाचं काम करणारा मोठा माणूस जातो. खाऊ द्या. वजन घटत असेल, तहान फार लागत असेल आणि लघवीला सारखं जावं लागत असेल, तरच साखर तपासा.

गरोदरपणात कॅल्शियमचा आकडा वाढत का नाही? मग सरकारी दवाखान्यात गोळ्या का देतात?

गरोदरपणात आईचं आतडंच कामाला लागतं आणि अन्नातलं कॅल्शियम नेहमीच्या जवळपास दुप्पट शोषतं. म्हणून शिफारस १००० च राहते. पण मुळात आहारातून दोन-तीनशे येत असेल तर त्याची दुप्पट करूनही भागत नाही. कॅल्शियम फारच कमी असलं की गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोकाही वाढतो.

म्हणून चौथ्या महिन्यापासून, म्हणजे चौदा आठवडे झाल्यावर, रोज दोन गोळ्या द्यायची सरकारी पद्धत आहे. एका गोळीत ५०० मिग्रॅ कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व असतं. बाळंतपणानंतर सहा महिने त्या चालू ठेवायच्या असतात. बहुतेक जणी बाळ झालं की बंद करतात, आणि नेमका तोच काळ दुधातून कॅल्शियम जाण्याचा असतो.

या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, दोन्ही एकदम नाही. लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत निदान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर कॅल्शियम लोहाला अडवतं. आशाताई हे सांगतात, पण सोय म्हणून बऱ्याच घरांत तिन्ही गोळ्या रात्री एकाच घोटात जातात. सोपी वाटणी अशी: सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणावर कॅल्शियम, आणि लोह दुपारी चारच्या सुमाराला, चहा न घेता, लिंबूपाण्यासोबत.

माझी पिशवी पस्तिसाव्या वर्षीच काढली. मी कोणत्या ओळीत बसते?

ऑपरेशनात नेमकं काय काढलं त्यावर ते ठरतं. नुसती पिशवी काढली आणि दोन्ही अंडाशयं जागेवर असतील, तर पाळी थांबली तरी संप्रेरकं चालू राहतात. अर्थात अशा बायकांची अंडाशयंही बऱ्याचदा काही वर्षं आधीच थकतात. दोन्ही अंडाशयं काढली असतील तर पाळी गेलेल्या बाईची ओळ त्याच दिवशी लागू होते, मग वय कितीही असो. इस्ट्रोजेन हे हाडाचं राखणदार असतं. ते एकाएकी गेलं की पहिल्या काही वर्षांत हाड वेगानं झिजतं. पन्नाशीत होणारी झीज पस्तिशीत सुरू झाली तर साठीला हाडाची अवस्था काय होईल ते समजून घ्या.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न किती मोठा आहे ते २०१९ मध्ये सगळ्या राज्याला कळलं. ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. चर्चा झाली ती ऑपरेशनं का झाली याची. त्या बायकांच्या हाडांचं पुढं काय, हा प्रश्न मागं राहिला.

तुमच्या डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या. अंडाशयं काढल्याचा उल्लेख असेल तर १२०० मिग्रॅचा हिशोब धरा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना संप्रेरकाच्या उपचाराबद्दल थेट विचारा. कारण इतक्या कमी वयात नुसतं कॅल्शियम पुरत नाही. ऊसतोडीला जात असाल तर कॅलरीची ओळ कष्टाच्या कामाची, २७२० ची. म्हणजे पडवीत बसलेल्या सासूच्या जवळपास दुप्पट जेवण, आणि कॅल्शियम मात्र दोघींना सारखंच.

आजीचं वय अडुसष्ट आहे. तिच्या ताटाचा हिशोब करून दाखवाल का?

औसा तालुक्यातल्या एखाद्या घरात सहज दिसेल असं ताट घेऊ. सकाळ-संध्याकाळ एकेक कप चहा, दोन्हींत मिळून शंभर मिली दूध आणि चार चमचे साखर, सोबत चार बिस्किटं. दिवसाला ज्वारीच्या दोन लहान भाकरी, मिळून १४० ग्रॅम पीठ. तीस ग्रॅम डाळीचं वरण, पन्नास ग्रॅम तांदळाचा भात, वांग्याची भाजी, थोडी शेंगदाण्याची चटणी आणि सगळ्यात मिळून चार चमचे तेल.

कॅलरी होतात साधारण १३००. तिची गरज सुमारे १५००, म्हणजे फार कमी नाही. आजी वाळलेली दिसत नाही आणि घरच्यांना वाटतं बरं चाललंय. आता कॅल्शियम बघा. चहातलं दूध १२०, भाकरी ३९, डाळ २१, वांगं १६, चटणी ८, बिस्किटं ५ आणि भात ४. बेरीज २१३. हवं १२००.

आता याच ताटात बदल करू. आजीची भूक वाढणार नाही हे धरून चालायचं, म्हणून घालताना काहीतरी काढावंही लागतं. बिस्किटं बंद आणि साखर निम्मी. दिवसाच्या दोन भाकरींच्या जागी दीड. वांग्याऐवजी पाऊण जुडी मेथी, निवडून पंच्याहत्तर ग्रॅम भरेल एवढी: २०५ मिग्रॅ. शेंगदाण्याच्या जागी सालासकट तिळाची दोन चमचे चटणी, पंधरा ग्रॅम: कागदावर १९०. दुपारी घट्ट दह्याची वाटी, दीडशे ग्रॅम: १८०. संध्याकाळी चाळीस ग्रॅम हुलग्याच्या पिठाचं माडगं: १०८. झोपताना पेलाभर गाईचं दूध: २३५.

नवी बेरीज साधारण १०९० मिग्रॅ आणि कॅलरी सव्वाचौदाशेच्या आसपास. तिळातलं कॅल्शियम पूर्ण अंगी लागत नाही, म्हणून ते निम्मंच धरा. तरी हजार मिग्रॅ उरतातच, आणि आधीच्या दोनशेच्या मानानं ते कितीतरी बरे. राहिलेलं दोन पेले दाट ताकात जवळपास भागतं.

यातलं बाजारातून विकत आणायचं असं विशेष काही नाही. हुलगे आपल्या हलक्या रानात येतात, तीळ संक्रांतीचे उरलेले डब्यात असतात. अडचण एकाच गोष्टीची, दुधाची. दही आणि झोपतानाचं दूध मिळून रोजचं साडेतीनशे मिली दूध डेअरीला घालायच्या आधी बाजूला काढावं लागतं. घरात देवणी किंवा लाल कंधारी गाय असेल तर तेवढं दूध रोज निघतं, पण त्याचे पैसे बुडतात हे खरं. माझं मत विचाराल तर आजीचं आणि नातीचं दूध पहिल्यांदा काढावं आणि उरलेलं कॅनमध्ये ओतावं. उलटं केलं की काहीच उरत नाही.

म्हाताऱ्या माणसाला दूध पचत नाही, पोट फुगतं. मग?

दुधातली साखर पचवणारं विकर मोठेपणी बऱ्याच जणांत कमी होतं. दह्यात ती साखर थोडीफार मोडलेली असते, म्हणून दही-ताक सहसा बाधत नाही. कॅल्शियम जसंच्या तसं राहतं. दूध प्यायचंच असेल तर जेवणासोबत अर्धा अर्धा कप घ्या, उपाशी पोटी पेलाभर नको.

ताक रोज पितो. तेवढं पुरे ना?

पेल्यात दही किती आहे त्यावर अवलंबून. वाटीभर दह्याचं चार पेले ताक केलं तर एका पेल्यात चाळीस-पन्नास मिग्रॅच येतं. उन्हाळ्यात पातळ ताक प्यावंच, पण ते पाण्यासाठी. कॅल्शियमसाठी मोजायचं तर पेल्यात निदान अर्धी वाटी दही हवं. लातूर-धाराशिवकडं येळवसाला आंबील करतात, ज्वारीचं पीठ आणि आंबट ताक. ती दाट ताकाची केली तर वर्षातून एकदाच कशाला, म्हाताऱ्यांना रोजही चालेल.

पालक, चुका, तांदुळजा यांत भरपूर असतं म्हणतात. तीच भाजी रोज करू का?

तक्त्यातला आकडा आणि अंगी लागणारं यांत फरक असतो. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. पालकातल्या शंभरापैकी पाचच मिग्रॅ आत जातं, दुधातल्या शंभरापैकी तीसच्या आसपास. चुका आंबट लागतो तोही ऑक्झलेटमुळंच. तांदुळज्यात शंभर ग्रॅमला ३३० मिग्रॅ आहे, पण ऑक्झलेटही बरंच. त्या मानानं मेथी आणि शेवग्याचा पाला बरा, दोन्हींत शंभर ग्रॅमला पावणेतीनशे-तीनशे आहे. शेवगा तर बांधावर, परसात उभाच असतो. शेंगा सगळे नेतात आणि पाला झाडावरच राहतो. कोवळा पाला पिठल्यात मूठभर टाकला तर चवीत फार फरक पडत नाही.

तिळाबद्दल एक सूचना. दुकानात मिळणारे पांढरेशुभ्र तीळ साल काढलेले असतात. कॅल्शियम मुख्यतः सालात असतं आणि ते सालाबरोबर जातं. करडट रंगाचे, साल असलेले घ्या.

गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा, सगळं कॅल्शियम मिळतं, असा मेसेज सारखा येतो. खरं आहे का?

मोजून बघू. गव्हाच्या दाण्याएवढा ओला चुना म्हणजे चाळीस-पन्नास मिलिग्रॅम. त्यातलं जवळपास निम्मं पाणी. कोरड्या भागात कॅल्शियम थोडं निम्म्याच्या वर. हाती लागतं दहा ते पंधरा मिग्रॅ, म्हणजे दोन चमचे दुधाएवढं. ते वाढवायला कुणी बोटभर खायला लागलं तर तोंड आणि अन्ननलिका भाजते. तंबाखूसोबतच्या चुन्याची तर गोष्टच नको, तो तंबाखूतलं विष तोंडाच्या कातडीत लवकर उतरवतो.

मला मुतखडा झाला होता. दूध-दही बंद करू का?

करू नका. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, त्यामुळं बंद करावं असं वाटणं साहजिक आहे. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोन्ही शौचावाटे जातात. दूध-दही बंद केलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात जातं आणि मूत्रपिंडात जमतं. आपल्याकडं मुतखड्याचं मोठं कारण म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात रानात दिवसभर दोन तांबे पाण्यावर राहणं. लघवी पिवळीधमक होत असेल तर पाणी कमी पडतंय. उपाशी पोटी घेतलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र खडा असलेल्यांना त्रास देऊ शकतात, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आमच्या बोअरचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. त्यात कॅल्शियम असतं का?

असतं, आणि ते शोषलंही जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ७५ मिग्रॅ कॅल्शियम चांगलं मानलंय आणि दुसरं पाणी नसेल तर २०० पर्यंत चालवून घेतलंय. लिटरला ७५ चं पाणी दिवसाला अडीच लिटर प्यायलात तर १८० च्या वर मिग्रॅ झालं, पेलाभर दुधाच्या जवळपास. गावात आता जारचं फिल्टरचं पाणी येतं, त्यातून हे सगळं निघून गेलेलं असतं. म्हणून जार बंद करा असं मी म्हणत नाही. काही गावांच्या बोअरला फ्लोराईड किंवा नायट्रेट जास्त असतं आणि तिथं फिल्टर लागतोच. फक्त जार आला की तेवढं कॅल्शियम ताटातून भरून काढायचं.

मेडिकलमधल्या पाकिटावर १२५० लिहिलंय. म्हणजे एकाच गोळीत दिवसाचं झालं?

नाही. १२५० मिग्रॅ हे कॅल्शियम कार्बोनेटचं वजन आहे. त्यात खरं कॅल्शियम चाळीस टक्के, म्हणजे ५००. पाकिटावर बारीक अक्षरात तेही लिहिलेलं असतं. एका वेळी ५०० च्या वर घेतलेलं शरीर नीट शोषत नाही, म्हणून दोन लागत असतील तर दोन वेळा विभागून घ्या. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणावर घ्यायची. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असलेल्या म्हाताऱ्यांना डॉक्टर बहुधा सायट्रेटची गोळी देतात. थायरॉईडची गोळी असेल तर तिच्यापासून चार तासांचं अंतर ठेवा. आणि आहारातून सात-आठशे मिळत असतील तर एकच गोळी पुरते, जास्त घेतल्यानं हाड जास्त घट्ट होत नाही.

आईचं रक्तातलं कॅल्शियम तपासलं, नॉर्मल आलं. मग हाडं बरी आहेत ना?

या रिपोर्टवरून ते कळत नाही. हृदय आणि स्नायू चालायला रक्तातलं कॅल्शियम एका पातळीवर असावंच लागतं. आहारातून आलं नाही तर शरीर ते हाडातून काढून रक्तात सोडतं. म्हणजे हाड पोखरत असतानाही रिपोर्ट नॉर्मल येतो.

हाडाची घनता कळते ती डेक्सा तपासणीत. ती मोठ्या शहरांत होते, छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडला चौकशी करा. घरच्या घरी बघायच्या खुणाही आहेत. उभ्या उंचीवरून, म्हणजे चालताना घसरून पडल्यावर मनगट मोडलं असेल तर ते हाड कमजोर समजावं. पाठीत बाक येऊन उंची तीन-चार सेंटिमीटरनं कमी झाली असेल तर मणका दबलेला असू शकतो. जुन्या चोळीची पाठ वर उचलायला लागली, नऊवारी पायात यायला लागली असं आई म्हणत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. भिंतीला उभं करून उंची मोजा, तारीख घालून खूण करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. फरक दिसला किंवा पाठ एकाएकी दुखायला लागली तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. सोबत ड जीवनसत्त्वाचीही तपासणी करून घ्या. घरात बसून असलेल्या माणसात ते बरेचदा कमी निघतं, आणि ते कमी असलं की खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट पुढं जात नाही.